आजोबांची बॅट नेमकी कधीची?

माळ्यावरून उतरवलेल्या जुन्या बॅटवर झिजलेल्या स्टिकरचा एक तुकडा उरलेला असतो. त्यावर इंग्रजीत 'सियालकोट' एवढे वाचता येते आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'इंडिया'. या दोन शब्दांवरून त्या बॅटबद्दल एक गोष्ट पक्की सांगता येते. ती ऑगस्ट १९४७ च्या आधी तयार झालेली आहे. फाळणीत सियालकोट पाकिस्तानात गेले, त्यानंतर तिथल्या मालावर 'इंडिया' छापण्याचे कारणच उरले नाही. मात्र ती बॅट १९४६ ची की १९२६ ची, हे या दोन शब्दांतून कळत नाही. त्यासाठी बॅटच्या बाकीच्या अंगाकडे पाहावे लागते.

जुन्या बॅटी, टेनिसच्या रॅकेट आणि हॉकी स्टिक यांचे वय ठरवण्याची सगळी पद्धत अशीच चालते. वस्तूवरची खूण सहसा नेमके साल सांगत नाही. ती एवढेच सांगते की ही वस्तू अमुक सालाच्या आधीची असू शकत नाही, किंवा तमुक सालाच्या नंतरची असू शकत नाही. अशा 'आधीची नाही' आणि 'नंतरची नाही' या दोन टोकांमधले अंतर जितके कमी करता येईल, तितके आपले उत्तर चांगले. लाकूड, आकार, बनवणाऱ्याचा छाप आणि दुरुस्त्या हे या कामातले चार साक्षीदार. चौघांची साक्ष सारख्या वजनाची नसते, आणि कोणाचे कितपत ऐकायचे हे कळणे हेच या विषयातले खरे ज्ञान आहे.

लाकूड काय सांगते

बॅटपासून सुरुवात करू. बॅटचे पाते विलोचे असते. हे लाकूड हलके असूनही चेंडूचा मार खाऊन फुटत नाही. पात्यावर उभ्या रेघा दिसतात. पुष्कळांचा समज असा की या रेघा मोजल्या की बॅटचे वय कळते. तसे होत नाही. प्रत्येक रेघ म्हणजे झाडाच्या वाढीचे एक वर्ष. पात्यावर आठ रेघा असतील तर त्या तुकड्यात झाडाची आठ वर्षांची वाढ आली आहे, एवढाच अर्थ. ते झाड कधी तोडले हे त्यात लिहिलेले नसते. मोठ्या इमारतींच्या तुळयांमधली शेकडो कडी जुळवून साल काढण्याचे शास्त्र आहे, पण आठ-दहा रेघांवर ते चालत नाही.

रंग मात्र उपयोगी पडतो, नीट पाहिला तर. विलोच्या ओंडक्यात मधला गाभा लालसर तपकिरी असतो आणि सालीलगतचे लाकूड पांढुरके. एकोणिसाव्या शतकात बॅटी बहुतेक गाभ्याच्या लाकडाच्या असत, म्हणून त्या गडद आणि वजनदार असत. १८९० च्या दशकात इंग्लंडमधल्या सी. सी. बसी या बॅट बनवणाऱ्याने सालीलगतचे हलके लाकूड वापरले आणि पांढऱ्या पात्याची बॅट रूढ झाली. त्यामुळे पांढरे पाते दिसले की ते बहुधा त्या दशकानंतरचे, असे धरायला हरकत नाही. त्यानंतरच्या बॅटींमध्येही एका कडेला गाभ्याचा लाल पट्टा राहिलेला दिसतो, तेव्हा पट्टा आहे म्हणून बॅट फार जुनी ठरत नाही.

इथे एक फसगत होते. बॅटला वर्षानुवर्षे अळशीचे तेल पाजलेले असते आणि त्या तेलाने पांढरे लाकूडही मधासारखे गडद होत जाते. गडद बॅट म्हणजे जुनी बॅट असे म्हणता येत नाही; ती कदाचित फक्त जास्त काळजी घेतलेली बॅट असेल. दोन्हींतला फरक ओळखण्याची सोपी जागा आहे. मुठीवरचे रबर खालून दोन बोटे वर सरकवा. रबर कडक झाले असेल तर सरकवू नका, ते तुटेल. रबराखाली झाकल्या गेलेल्या खांद्याच्या भागाला तेल सहसा लागलेले नसते. तिथे लाकूड फिकट आणि पात्यावर गडद असेल तर रंग तेलाचा. गडद रंग एका कडेने उभा, ठळक सीमारेषा धरून जात असेल तर तो गाभ्याचा.

मुठीचे लाकूड पात्यापेक्षा जास्त बोलते. अगदी जुन्या बॅटी एका अखंड तुकड्यातून कोरलेल्या असत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मूठ वेगळी करून पात्यात पाचरीसारखी बसवण्याची रीत आली आणि त्या मुठीसाठी वेत वापरला जाऊ लागला. वेताच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून मूठ करतात आणि हाताला बसणारा झटका कमी व्हावा म्हणून मध्ये रबराचे पातळ थर घालतात. मुठीच्या वरच्या टोकाकडे सरळ पाहिले की वेताच्या तोंडांची बारीक छिद्रे आणि त्यांच्या मधून गेलेल्या काळ्या रेघा दिसतात. छापावर 'थ्री स्प्रिंग' किंवा 'फोर स्प्रिंग' असे काही असेल तर त्या रेघांची संख्या त्याच्याशी जुळायला हवी. जुळत नसेल तर मूठ मागाहून बदललेली असण्याचा संशय घ्यावा.

हॉकी स्टिकची गोष्ट थोडी वेगळी. तिचा दांडा वेताचा आणि खालचे वळण बहुधा तुतीच्या लाकडाचे. तुतीचे लाकूड वाफवून वाकवता येते आणि वाकवल्यावर चिवट राहते. त्याआधीच्या इंग्रजी स्टिक ॲश या लाकडाच्या असत. वळणाच्या बाजूने पाहिले तर वाकवलेल्या अखंड लाकडाचे धागे वळणाबरोबर वळत गेलेले दिसतात. तिथे अनेक पातळ थर एकावर एक चिकटवलेले दिसले तर ती स्टिक बरीच अलीकडची, साधारण १९८० च्या दशकाच्या आसपासची किंवा नंतरची.

रॅकेटमध्येही हीच कसोटी लागते. जुन्या रॅकेटची चौकट ॲशच्या एकाच पट्टीला गोल वाकवून केलेली असे. नंतर पातळ थर चिकटवून चौकट करण्याची पद्धत आली. १९३१ साली बाजारात आलेली डनलॉपची मॅक्सप्लाय ही त्या पद्धतीची सर्वांत गाजलेली रॅकेट. चौकटीच्या बाहेरच्या कडेला नखाएवढ्या जागेत थर मोजता आले, तर ती रॅकेट पहिल्या महायुद्धाच्या काळातली असल्याची घरातली आठवण तपासून घ्यावी.

आकाराची साक्ष

बॅटच्या आकाराबद्दल फार सांगितले जाते, पण घरात सापडणाऱ्या बॅटीच्या बाबतीत त्याचा उपयोग मर्यादित आहे. अठराव्या शतकात बॅट खाली वाकलेली, हॉकी स्टिकची आठवण करून देणारी असे, कारण चेंडू जमिनीलगत सरपटत येई. गोलंदाज चेंडूला टप्पा देऊ लागले तशी बॅट सरळ झाली. १७७१ साली इंग्लंडमधल्या एका सामन्यात व्हाइट नावाचा फलंदाज जवळजवळ स्टंपांइतकी रुंद बॅट घेऊन उतरला. त्यानंतर बॅटची रुंदी सव्वाचार इंचांपेक्षा जास्त असू नये असा नियम झाला, तो आजही आहे. लांबीची ३८ इंचांची मर्यादा १८३५ ची. आपल्याकडच्या बाजारात 'दोनशे वर्षांपूर्वीची' म्हणून वाकडी बॅट दाखवली जाते, ती जवळजवळ नेहमीच भिंतीवर लावण्यासाठी केलेली शोभेची वस्तू असते.

आपल्या कामाचा आकार पात्याच्या कडांत असतो. जुन्या बॅटींच्या कडा पातळ, पाते बऱ्यापैकी सपाट आणि पाठीचा उंचवटा सौम्य. १९७४ साली ग्रे-निकल्सने पाठीत खोबण असलेली 'स्कूप' बॅट आणली, तेव्हा पाठीत खोबण असलेली बॅट त्याआधीची मानता येत नाही. त्यानंतर कडा जाड होत गेल्या, इतक्या की २०१७ मध्ये कडेसाठी ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली.

हॉकी स्टिकमध्ये आकार हा सर्वांत बोलका साक्षीदार आहे, आणि त्यात आपल्या खेळाडूंचा मोठा वाटा आहे. इंग्रजी पद्धतीच्या स्टिकचे वळण लांब असे. स्टिक जमिनीवर टेकवली की पुढे पसरलेला लांब पाय दिसे. भारतीय खेळाडू चेंडू स्टिकला चिकटवून, तिच्या दोन्ही अंगांनी खेळवत नेत. त्यासाठी स्टिक झटकन उलटी फिरवावी लागे आणि लांब वळण त्यात आड येई. म्हणून आपल्याकडे आखूड, आटोपशीर वळणाची स्टिक घडली. १९२८ साली ॲमस्टरडॅमला भारताने ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले आणि १९३२, १९३६ मध्ये ते राखले. त्या यशाबरोबर हे आखूड वळण जगभर पसरले. त्यामुळे लांब वळणाची इंग्रजी स्टिक बहुधा या बदलाच्या आधीची किंवा त्या संक्रमणाच्या काळातली धरावी. वळण वर उचलून जवळजवळ यू आकारात आलेले असेल, तर ती स्टिक १९८० च्या दशकातली किंवा नंतरची.

रॅकेटच्या आकाराचे थोडक्यात. अगदी सुरुवातीच्या, १८७० च्या दशकातल्या लॉन टेनिसच्या रॅकेटचे डोके एका बाजूला कललेले असे. नंतर ते सरळ झाले, काही काळ वरून सपाट ठेवण्याची रीत होती, मग लंबगोल आकार पक्का झाला. मुठीचे टोक माशाच्या शेपटीसारखे पसरट असेल तर ती रॅकेट साधारणपणे विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतली किंवा त्याआधीची. मूठ नुसत्या लाकडाची, घसरू नये म्हणून बारीक खाचा पाडलेली आणि चामड्याची पट्टी न गुंडाळलेली असेल तर तीही जुनेपणाची खूण. फक्त एवढे पाहून घ्यावे की पट्टी निघून गेलेली नाही. पट्टी असलेल्या मुठीवर डिंकाचे डाग आणि बारीक खिळ्यांची भोके राहतात. दुसऱ्या टोकाला, विम्बल्डनमध्ये पुरुष एकेरीचे विजेतेपद लाकडी रॅकेटने शेवटचे मिळाले ते १९८१ साली जॉन मॅकेन्रोला. नंतर थोड्याच वर्षांत लाकडी रॅकेट मोठ्या खेळातून गेली.

छाप आणि स्टिकर

बनवणाऱ्याचा छाप हा सर्वांत आकर्षक आणि त्यामुळेच सर्वांत जास्त भरवसा टाकला जाणारा साक्षीदार. कंपनीचे नाव दिसले की लोक तिच्या स्थापनेचे साल बॅटला देऊन टाकतात. गन अँड मूरची स्थापना १८८५ ची आहे. त्यावरून एवढेच ठरते की बॅट १८८५ च्या आधीची नाही. ती कंपनी आजही बॅटी बनवते. कंपन्या एकत्र आल्याच्या तारखा जास्त कामाच्या असतात. ग्रे आणि निकल्स हे दोन स्वतंत्र कारखाने होते, ते १९४० च्या दशकात एक झाले. तेव्हा 'ग्रे-निकल्स' असे जोडनाव असलेली बॅट १९२० च्या दशकातली असू शकत नाही, मग घरात काहीही सांगितले जात असो.

खेळाडूची सही हीसुद्धा अशीच अर्धी साक्ष. पात्यावर ब्रॅडमनची सही दिसली म्हणून ब्रॅडमनने ती बॅट हातात धरली होती असे नाही. ती सही कारखान्यात छापलेली असते. पण ब्रॅडमन पहिली कसोटी खेळला नोव्हेंबर १९२८ मध्ये, तेव्हा त्याच्या आधीची ती नक्कीच नाही. गावसकरांच्या सहीच्या बॅटला १९७१ ही तीच सीमा लागू पडते. सही शाईची आहे की छापील, हे भिंगातून कळते. शाई लाकडाच्या धाग्यांत थोडी पसरलेली दिसते. छापील सहीच्या कडा साफ असतात आणि तिच्याभोवती स्टिकरच्या पारदर्शक पातळ थराची सीमा दिसते.

भारतीय मालासाठी सर्वांत मोलाचा भाग म्हणजे पत्ता. फाळणीपूर्वी खेळाच्या साहित्याचे या उपखंडातले मोठे केंद्र सियालकोट होते. फाळणीत तिथले हिंदू आणि शीख कारागीर इकडे आले आणि जालंधर, मेरठ ही नवी केंद्रे उभी राहिली. आज एसजी या नावाने ओळखली जाणारी कंपनी हे याचे चांगले उदाहरण आहे. आनंद बंधूंनी ती १९३१ साली सियालकोटला सुरू केली आणि फाळणीनंतर १९५० मध्ये ती मेरठला स्थिरावली. म्हणून एकाच नावाखाली 'सियालकोट' असेल तर एक काळ आणि 'मेरठ' असेल तर दुसरा.

पत्त्यात आणखीही बारकावे असतात. सहा आकडी पिनकोड भारतात १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तेव्हा पिनकोड छापलेली बॅट त्याआधीची नाही. दुकानाच्या शिक्क्यात इंग्रजी 'पूना' असेल, 'बॉम्बे' असेल, तर त्याचा उपयोग जपून करावा. 'पुणे' दिसले तर शिक्का बहुधा १९७० च्या दशकाच्या अखेरीनंतरचा आणि 'मुंबई' दिसले तर १९९५ नंतरचा, असे म्हणता येते. पण उलटे चालत नाही, कारण नाव बदलल्यावरही दुकानदार जुने शिक्के वर्षानुवर्षे वापरतात.

इंग्लंडहून आलेल्या मालावर पेटंटचा क्रमांक असेल तर तो टिपून घ्यावा. ब्रिटनमध्ये १९१६ पर्यंत दरवर्षी पेटंटचे क्रमांक नव्याने एकपासून सुरू होत. १९१६ पासून १,००,००१ पासून पुढे सलग क्रमांक चालू झाले. त्यामुळे सहा आकडी पेटंट क्रमांक असलेली वस्तू १९१६ च्या आधीची असत नाही. राजघराण्याच्या पुरवठादाराची मुद्रा असेल आणि तिच्यात 'कैलासवासी राजे सहावे जॉर्ज' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असेल, तर ती वस्तू फेब्रुवारी १९५२ नंतरची, कारण राजे तेव्हा वारले.

दुरुस्त्या: वस्तूचे दुसरे आयुष्य

जुन्या वस्तूची दुरुस्ती झालेली असणारच. पुष्कळांना ती खोट वाटते. वय ठरवणाऱ्याला मात्र दुरुस्ती म्हणजे वस्तूच्या आयुष्यातली आणखी एक तारीख. पथ्य एकच: दुरुस्तीची तारीख वस्तूला द्यायची नाही आणि वस्तूची तारीख दुरुस्तीला द्यायची नाही. रॅकेटला नायलॉनच्या तारा आहेत म्हणून रॅकेट अलीकडची ठरत नाही. चौकट जुनी असू शकते आणि जनावराच्या आतड्याची मूळ तात तुटल्यावर नवीन तारा ओवल्या गेल्या असू शकतात.

बॅटवर सर्वाधिक आढळणारी दुरुस्ती म्हणजे तडा गेलेल्या जागी दोरा गुंडाळणे. मेण लावलेला सुती दोरा घट्ट, एकापुढे एक वेढा देत बांधतात. अशा बांधणीकडे पाहताना दोन गोष्टी विचाराव्यात. दोऱ्यावर चेंडूचे लालसर डाग आहेत का? असतील तर बांधल्यानंतरही बॅट खेळली गेली. आणि दोऱ्याखालचे लाकूड बाजूच्या लाकडाइतकेच गडद आहे का? असेल तर बांधण्याआधी बॅटने बराच काळ तेल पिऊन घेतलेले होते.

नोटा तपासण्यासाठी दुकानदार जो जांभळ्या प्रकाशाचा छोटा दिवा वापरतात, तो इथे कामी येतो. साधारण १९५० नंतर कागद आणि कापड अधिक पांढरे दिसावे म्हणून त्यात काही रसायने घालू लागले. ती रसायने या प्रकाशात निळसर पांढरी चमकतात. अंधाऱ्या खोलीत हा दिवा बॅटवर धरला आणि दोरा किंवा कागदी लेबल झगझगीत निळे दिसले, तर ते १९५० च्या आसपासचे किंवा त्यानंतरचे. न चमकणारा दोरा जुनाच असतो असे मात्र नाही, कारण सगळ्या नव्या दोऱ्यांत ती रसायने नसतात. शिवाय धुण्याच्या पावडरीतही ती असतात, तेव्हा जुने कापड पावडरीने धुतले असेल तर तेही चमकते.

गोंदही काळ सांगतो. जुना सुतारकामाचा सरस जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करत. तो पिवळसर तपकिरी, काचेसारखा ठिसूळ असतो. त्याच्या सांध्याबाहेर आलेल्या थेंबाला कोमट पाण्याचा ओला कापूस लावून ठेवला तर तो मऊ आणि चिकट होतो. पांढरा कृत्रिम गोंद ओला झाला की दुधाळ होतो आणि रबरासारखा लवचिक राहतो. आपल्याकडे घरोघरी पोचलेला असा गोंद म्हणजे फेव्हिकॉल, तो १९५९ चा. ही चाचणी स्टिकरपासून दूर, न दिसणाऱ्या जागी, एका थेंबावरच करावी. पाणी पात्यावर ओघळू देऊ नये.

एक बॅट, शेवटपर्यंत तपासलेली

हे सगळे एकत्र कसे लावायचे ते एका बॅटवर पाहू. एका स्नेह्यांच्या घरी असलेली ही बॅट. पणजोबांनी १९११ मध्ये विलायतेहून आणली, अशी घरातली आठवण. लांबी साडेचौतीस इंच, रुंदी सव्वाचार इंच, वजन किलोच्या किंचित वर. पाते गडद मधाच्या रंगाचे, डाव्या कडेला अर्ध्या इंचाचा लाल पट्टा. मुठीवर निळे रबर. समोरच्या बाजूला स्टिकरचा उरलेला भाग, त्यावर लाल कमान, कमानीखाली 'सियालकोट' आणि 'इंडिया'. कंपनीचे नाव पुसले गेलेले. तळाशी तपकिरी दोऱ्याची बांधणी, तिच्यावर चार बोटांवर पांढऱ्या दोऱ्याची दुसरी.

पहिली गोष्ट तिथल्या तिथे ठरली. बॅट विलायतेची नाही, सियालकोटची आहे, आणि ऑगस्ट १९४७ च्या आधीची. ठिसूळ न झालेले निळे रबर सहज सरकले, म्हणजे ते फार जुने नाही. ते मागाहून चढवलेले. त्याखाली खांद्याचे लाकूड फिकट निघाले, तेव्हा पात्याचा गडदपणा तेलाचा. पात्याचा मोठा भाग सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाचा, लाल पट्टा फक्त कडेचा. म्हणजे बॅट १८९० च्या दशकानंतरची. मुठीच्या टोकाला वेताच्या तोंडांमधून दोन काळ्या रेघा, आणि पाचरीचा सांधा स्वच्छ, दोन्ही बाजूंचा रंग सारखा. मूठ बदललेली नाही.

आता १८९० ते १९४७ हे अंतर राहिले, तब्बल अर्धे शतक. ते कमी केले एका फोटोने. त्याच घरात भिंतीवर एका महाविद्यालयाच्या क्रिकेट संघाचा फोटो होता, खालच्या पुठ्ठ्यावर १९३८-३९ असे लिहिलेला. पणजोबांचे चिरंजीव खुर्चीत बसलेले आणि गुडघ्यांमध्ये बॅट उभी. भिंगातून पाहिले तर त्या बॅटवर तशीच कमान दिसते. कमानीच्या उजव्या टोकाशी एक गाठ आहे, तीही दिसते, आणि तीच गाठ हातातल्या बॅटवर त्याच जागी आहे. म्हणजे बॅट १९३९ च्या नंतरची नाही. फोटोत तळाला दोरा बांधलेला नाही. सतत खेळल्या जाणाऱ्या बॅटचा तळ काही हंगामांतच तडकतो. त्यामुळे फोटोच्या वेळी बॅट तशी नवीच असावी, म्हणजे १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरची. हा शेवटचा भाग अंदाज आहे, पुरावा नाही, आणि नोंद करताना तसेच लिहायला हवे.

मग दुरुस्त्या. तळाचा तपकिरी दोरा जांभळ्या प्रकाशात मंद राहिला आणि त्यावर चेंडूचे डाग होते. बॅट तडकली, बांधली आणि पुन्हा खेळली गेली. वरचा पांढरा दोरा निळा झगझगला. त्याच्या कडेला गोंदाचा थेंब होता, तो ओल्या कापसाखाली दुधाळ झाला. ही दुरुस्ती १९५० च्या, बहुधा १९५९ च्याही नंतरची, आणि तिच्यावर एकही डाग नाही. म्हणजे पुढच्या पिढीने बॅट खेळण्यासाठी नव्हे, जपण्यासाठी बांधली. १९११ ची विलायती बॅट म्हणून जपलेली ही वस्तू १९३० च्या दशकातली सियालकोटची निघाली. त्या घरातल्या खेळाडूने ती प्रत्यक्ष खेळली याचा फोटोसह पुरावा मिळाला, आणि माझ्या मते विलायतेच्या आठवणीपेक्षा तो अधिक मोलाचा आहे.

काय करू नये

अशा वस्तूचे सर्वांत मोठे नुकसान चांगल्या हेतूने होते. पॉलिश पेपरने पाते घासून 'नवे' केले की तेलाचा थर, चेंडूचे डाग आणि स्टिकरचा तुकडा तिन्ही जातात, आणि त्यांच्याबरोबर सगळ्या तारखाही. व्हार्निश मारले तर दोरा आणि गोंद यांची तपासणी पुढे कोणालाच करता येत नाही. नवे तेल पाजल्याने स्टिकर सैल होऊन सुटतो. रॅकेटच्या जुन्या तारा तुटल्या असतील तर बाकीच्या तशाच ठेवाव्यात. पुन्हा ताणून ओवल्या तर वाळलेली चौकट वाकते.

शोभेसाठी 'जुनी केलेली' बनावट वस्तू ओळखायची असेल तर झीज कुठे आहे ते पाहा. खऱ्या खेळलेल्या बॅटवर डाग खालच्या भागात, चेंडू लागतो तिथे दाटलेले असतात आणि पाठ बऱ्यापैकी स्वच्छ असते. हॉकी स्टिक खालच्या कडेला आणि सपाट बाजूला झिजते. झीज आणि डाग सगळीकडे सारखेच पसरलेले असतील आणि भेगांमध्ये गडद रंग भरलेला दिसत असेल, तर ती वस्तू मैदान पाहिलेली नाही.

तुमच्या घरी अशी एखादी वस्तू असेल तर आधी दिवसाच्या उजेडात तिचे फोटो काढा: समोरून, पाठीमागून, मुठीच्या टोकाचा आणि छापाचा जवळून. लांबी, रुंदी, वजन लिहा. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ती कोणाची होती, कुठल्या दुकानातून घेतली, कोणत्या संघाकडून खेळली गेली हे त्यांच्या शब्दांत लिहून ठेवा आणि जुन्या संघफोटोंमध्ये ती शोधा. लाकूड आणखी पन्नास वर्षे टिकेल. ते सांगू शकणारी माणसे तेवढी थांबणार नाहीत, तेव्हा हे काम या सुट्टीतच करा.